तिरका उंट

कॅनडात नायगारा फॉल्सला राहणाऱ्या जोएल झिमरमनचा कॉम्प्युटर एकदा ऑनलाइन गप्पा चालू असतानाच बंद पडला. त्याने डबा उघडून पाहिला तर आत उंदीर मरून पडलेला. ही हकीकत त्याने गप्पांतल्या मंडळींना सांगितली, आणि तेव्हापासून त्यांच्यासाठी तो ‘तो मेलेल्या उंदीरवाला’ झाला. मग त्याने तेच नाव घ्यायचं ठरवलं. deadmouse लांब पडत होतं, म्हणून कापून deadmau5 केलं. नवाची आठ अक्षरं झाली आणि शेवटी एक आकडा चिकटला. पुढे इलेक्ट्रॉनिक संगीतात त्याचं मोठं नाव झालं आणि उंदराचं अवाढव्य मुंडकं घालून तो मंचावर उभा राहू लागला.

एक लाजाळू मुलगी किंवा मुलगा इंटरनेटवर स्वतःसाठी एक नाव शोधतो आणि हळूहळू त्या नावाएवढा होतो, अशी कथा लिहायला बसणाऱ्याने ही हकीकत जवळ ठेवावी. झिमरमनने खिडकीत बसून ‘मी कोण?’ असा विचार केला नव्हता. नाव अपघाताने आलं, लोकांनी ते उचललं आणि यंत्राने त्याला कात्री लावली. त्यात त्याची स्वतःची निवड फार थोडी होती. नवखे लेखक नेमके उलटे जातात. त्यांची नायिका मध्यरात्री उठते, एक तेजस्वी नाव टाइप करते आणि दुसऱ्या परिच्छेदात धीट होते. अशा कथांच्या सुरुवाती साधारण अशा असतात:

‘सानिका खूप लाजाळू होती. वर्गात ती कोणाशीच बोलत नसे. त्या रात्री तिने स्वतःला एक नवं नाव दिलं आणि तिचं आयुष्यच बदलून गेलं.’

तीन वाक्यांत कथा संपली. ‘लाजाळू’ हे लेखकाने सांगितलं, वाचकाने पाहिलं नाही. नाव कोणतं ते कळलं नाही. आणि ज्या ‘हळूहळू’साठी ही कथा लिहायची, तेच मुळी गायब.

हीच सानिका घेऊन सुरुवात पुन्हा रचून पाहू. ती नववीत आहे, कऱ्हाडला राहते आणि साल 2020 आहे. साल मुद्दाम हे घेतलंय. त्या वर्षी शाळा मोबाइलवर आली आणि लाखो घरांत मोबाइल होता तो आईचा नाहीतर वडिलांचा. ऑनलाइन वर्गात मुलाच्या चौकोनाखाली जे नाव दिसायचं ते खात्याचं, म्हणजे पालकाचं. वर्गात तीस-पस्तीस चौकोन असायचे, त्यांत कुणी ‘बाबुराव’, कुणी नुसताच ‘Redmi’. सानिकाच्या चौकोनाखाली Vaishali लिहिलेलं आहे. बाई विचारतात, “ही वैशाली कोण? वैशाली, कॅमेरा चालू कर गं.” सानिकाने आपलं नाव सांगायला हवं. ती सांगत नाही. तास संपेपर्यंत ती वैशालीच राहते आणि हजेरीत तिच्या नावापुढे गैरहजर पडतं.

आता ‘लाजाळू’ हा शब्द लिहायची गरजच उरली नाही. शिवाय जी गोष्ट पुढे लागणार आहे ती वाचकाच्या हातात आली: या मुलीचं स्वतःचं नाव अजून एकाही पडद्यावर नाही.

दुपारी आई झोपली की तोच मोबाइल घेऊन ती बुद्धिबळ खेळते. इथे खरी साइट घ्यावी, काल्पनिक नको, कारण खऱ्या साइटचे नियम लेखकाला फुकटात कथानक देतात. Lichess ही फ्रान्सच्या थिबो द्युप्लेसीने 2010 मध्ये सुरू केलेली साइट. ती पूर्ण मोफत आहे, तिच्यावर जाहिरात नाही, आणि खातं न उघडताही खेळता येतं. खातं नसलेल्या खेळाडूच्या जागी पडद्यावर Anonymous असं येतं. सानिका काही आठवडे अशीच खेळते. समोर कधीकधी तसाच दुसरा Anonymous असतो. लाजाळू माणसाला याहून सुखाची जागा मिळणार नाही, म्हणून तिथून तिला हलवायला कारण लागेल. कारण छोटं असावं. तिने एक डाव सुरेख जिंकला, दादाला दाखवायला गेली, तर तिच्या नावावर काही नोंदच नव्हती. “कोण जिंकलं ते लिहिलंय कुठे?” दादा म्हणाला आणि निघून गेला.

म्हणून ती खातं उघडायला बसते. सुरुवातीचा सगळ्यात मोठा भाग इथे खर्च करावा, कारण नाव घडतं ते याच पानावर. फॉर्ममध्ये युजरनेम, पासवर्ड आणि ईमेल एवढीच घरं आहेत. खाली काही चौकोनांवर टिचकी मारावी लागते: खेळताना कोणाची मदत घेणार नाही, दुसऱ्यांशी नीट वागेन, दोन-दोन खाती काढणार नाही. आणि युजरनेमपाशीच सूचना असते की नाव सभ्य असू द्या, कारण ते नंतर बदलता येत नाही.

बदलता येत नाही म्हटल्यावर ती घाबरते. आधी स्वतःचं नाव टाकते, ते कोणीतरी घेतलेलं. मग नाव आणि जन्मसाल, sanika2006. हे मोकळं असतं, पण बोट थांबतं. या आठ-दहा अक्षरांत ती मुलगी आहे हेही आलं आणि वय किती तेही. समोरच्या अनोळखी माणसाला एवढं सगळं द्यायचं कशाला? इथे लेखकाने इंटरनेटच्या धोक्यांवर भाषण ठोकू नये. तिने ती अक्षरं एकेक करून खोडली, एवढं दाखवावं.

मग मोठी नावं येतात. queen लागलेली सगळी गेलेली असतात. rani, vazir, raja हीसुद्धा. आणि ती नाव शोधायचं सोडून समोरच्या पटाकडे बघत बसते. मराठी पटावर राजा आहे, वजीर आहे, हत्ती आहे, घोडा आहे, आणि एक उंट आहे ज्याला सरळ जाता येत नाही. उंट तिरका जातो. शाळेच्या व्हरांड्यातून कडेकडेने, भिंतीला खांदा लावून जाणाऱ्या मुलीला हे बघून हसू येतं. ती टाइप करते: tirkaunt. नाव मोकळं असतं. घाईत तिने दोन शब्द जोडून, सगळी छोटी अक्षरं लिहिलेली असतात. जुळलेली ती अक्षरं वाचताना काही अर्थच लागत नाही, हे तिला बटण दाबल्यावर कळतं.

नाव गमतीत घेतलं गेलं, स्वतःची थोडी टिंगल करत. ते तसंच असावं. ज्या नावात आधीपासूनच शौर्य भरलेलं असतं, त्यात वाढायला जागा कुठे राहते?

आता नाव आणि माणूस यांच्यातलं अंतर दिसायला हवं, आणि Lichess ते अक्षरशः पडद्यावर छापून देते. प्रत्येक नव्या खेळाडूला 1500 गुण मिळतात आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह असतं: 1500? असं. अमेरिकेच्या मार्क ग्लिकमन यांनी बसवलेल्या गणितावर हे चालतं. त्यात गुणांबरोबर आणखी एक आकडा असतो, तो सांगतो की या खेळाडूबद्दल यंत्राला किती खात्री आहे. नव्या खेळाडूबद्दल खात्री काहीच नसते, म्हणून सुरुवातीच्या एकेका डावाला शेकडा-दीडशे गुण खाली-वर होतात. डाव साचत गेले की उड्या लहान होतात, आणि तो अनिश्चिततेचा आकडा 110 च्या खाली आला की प्रश्नचिन्ह गळून पडतं. साधारण डझन-दीड डझन डावांत हे होतं. बऱ्याच काळासाठी खेळणं सोडलं तर ते परतही येतं.

सानिका पहिले चार डाव हरते. नावापुढचा आकडा हजाराकडे येतो, प्रश्नचिन्ह तसंच. लेखकाने तिला इथे जिंकवू नये. ती हरत राहते आणि तरी खेळते, कारण या हरण्याला तिचं नाव आहे. Anonymous म्हणून हरणं कोणाच्या खात्यावर पडत नव्हतं. हे पडतं, आणि उद्या सकाळीही तिथेच असतं.

हळूहळू वाढण्याचं पहिलं पाऊल बुद्धिबळाच्या आतच टाकता येतं. आतापर्यंत ती नवख्या मुलांसारखी वजीर लवकर बाहेर काढायची आणि तो गमावून बसायची. नाव उंटाचं घेतल्यावर तिला उंटाबद्दल उगाच आपुलकी वाटू लागते. एका व्हिडिओत ती पाहते की घोड्यापुढचं प्यादं एकच घर पुढे सरकवायचं आणि त्याच्या रिकाम्या जागेवर उंट बसवायचा, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची लांबलचक तिरकी रेघ त्याच्या ताब्यात येते. याला फियानकेटो म्हणतात. उंट कोपऱ्यात दडून बसतो, कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, आणि पंधराव्या-विसाव्या चालीला पार पलीकडचा हत्ती खातो. ही चाल तिच्या स्वभावालाही शोभते. प्रतिस्पर्धी विसरून जातो की तो उंट तिथे आहे. नाव घेतलं नसतं तर ती या चालीकडे वळली असती का, हे वाचकाने ठरवावं.

घेतलेल्या रूपाचा वागण्यावर परिणाम होतो, यावर प्रयोगही झालेले आहेत. स्टॅनफर्डच्या निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आभासी जगात उंच किंवा बुटकी शरीरं दिली आणि पैशाची वाटणी करायला सांगितली. उंच शरीर मिळालेले लोक स्वतःसाठी जास्त मागायला लागले. बुटके शरीर मिळालेले अन्याय्य वाटणीही मान्य करायला जास्त तयार झाले. रूप बदलणाऱ्या ग्रीक देवावरून त्यांनी या परिणामाला प्रोटियसचं नाव दिलं. मात्र हे प्रयोगशाळेतल्या काही मिनिटांचं निरीक्षण आहे. उंच शरीर घालून कोणी कायमचा धीट होतो, असं त्यातून निघत नाही. कथालेखकाने या अभ्यासाच्या जिवावर आपली नायिका एका रात्रीत बदलू नये. तिला महिने लागतील, आणि त्या महिन्यांत दुसऱ्या कोणीतरी तिला त्या नावाने हाक मारावी लागेल.

हाक हीच या सुरुवातीची मुख्य घटना आहे. 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांनी कविता म्हटली आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकर यांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली. ते नाव ठोंबऱ्यांनी स्वतः निवडलेलं नव्हतं. कविता आधी होती, नाव तिच्यामागून आलं, आणि भरलेल्या सभेने ते ऐकलं. सानिकाचं उलटं आहे. तिच्याकडे नाव आधी आलंय आणि त्यामागे अजून काहीच नाही. सभाही नाही. म्हणून तिचं नाव पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडी कधी येतं, तिकडे वाचकाचं लक्ष लागून राहतं.

लाजाळू माणसाच्या बोलण्यासाठीही या साइटवर सोय आहे. डावाच्या बाजूला गप्पांची जागा असते आणि तिथे तयार बटणं असतात. डावाच्या सुरुवातीला HI, GL, HF, संपल्यावर GG, WP, TY. बटण दाबलं की पूर्ण वाक्य जातं. सानिकाला एक शब्द टाइप करायला धाडस लागतं, पण बटण दाबायला लागत नाही. दोन आठवडे ती नुसतं HI दाबते. एका संध्याकाळी डाव हरल्यावर ती GG दाबते, आणि पलीकडून कोणीतरी हाताने टाइप केलेलं येतं:

```
tirka unt?? marathi ka
```

ती मोबाइल उलटा ठेवते. उठून पाणी पिते. परत येऊन बघते तर मजकूर तिथेच. जगभरच्या प्रतिस्पर्ध्यांनी आजवर त्या अक्षरांकडे नुसतं अक्षरं म्हणून पाहिलं होतं. हा पहिलाच माणूस, ज्याने ती जुळलेली अक्षरं बरोबर जागी तोडली. ती लिहिते, ho. मग येतं, bharii naav aahe. तिसरा प्रश्न येतो, kuthli tu, आणि ती उत्तर देत नाही. नाव आवडलं म्हणून गाव सांगायचं नसतं, हे ती sanika2006 खोडताना शिकलेली आहे. लेखकाने इथे तिला घाबरवू नये आणि मोकळीही करू नये. पलीकडचा पुन्हा विचारत नाही, rematch? एवढंच लिहितो, आणि ती होकाराचं बटण दाबते.

त्यानंतर ती सेटिंगमध्ये जाते. Lichess वर नाव बदलता येत नाही, पण त्यातल्या अक्षरांचं छोटं-मोठं रूप एकदाच, फक्त एकदा, बदलता येतं. ती tirkaunt चं TirkaUnt करते. आता कोणालाही जोड कुठे आहे ते दिसेल. कथेतली तिची ही पहिली मुद्दाम केलेली कृती. आधीचं सगळं अपघात, अडचणी आणि गंमत यांतून आलं होतं, हे मात्र तिने विचार करून केलं, आणि यंत्राने तशी एकच संधी दिली होती.

इथे एक मोह होतो. लेखकाला वाटतं, आता हिला विजेती करावी. खऱ्या जगात तशी माणसं आहेत. कोरियाचा ली सांग-ह्योक हा शांत, अबोल मुलगा आधी GoJeonPa या नावाने लीग ऑफ लेजेंड्स खेळायचा आणि देशाच्या यादीत वर पोचला होता. 2013 मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी तो व्यावसायिक संघात गेला आणि Faker या नव्या नावाने उतरला. एप्रिलमधल्या पहिल्याच सामन्यात त्याने तेव्हाच्या नामवंत खेळाडूला समोरासमोर मारलं आणि त्याच वर्षी जगज्जेतेपद जिंकलं. आज तो तिशीच्या आसपास आहे आणि त्याच नावाने खेळतो. पण नीट पाहिलं तर त्याच्या कथेतही जुनं नाव टाकून नवं घ्यावं लागलं. GoJeonPa म्हणून कमावलेलं सगळं अंगात होतं, पाटी तेवढी कोरी झाली. तो स्वभावाने बडबड्याही झाला नाही. मोठमोठ्या स्पर्धांनंतरच्या मुलाखतींतही तो मोजकंच बोलतो. लाजाळू मुलाने नावाएवढं व्हायचं म्हणजे बोलका व्हायचं, असं गृहीत धरणाऱ्या लेखकांनी त्याच्या मुलाखती पाहाव्यात.

सानिकाला म्हणून जगज्जेती करायची नाही. तिच्या नावापुढचा आकडा तेराशेच्या आसपास थांबू दे. प्रश्नचिन्ह गेलेलं असू दे, आणि ते कधी गेलं हे तिच्या लक्षातही आलेलं नसू दे. वाचकाच्या आलं असेल तर उत्तम.

सुरुवात कुठे थांबवायची? नाव आणि शाळेतली मुलगी एकाच खोलीत येण्याच्या अलीकडे. शाळा पुन्हा सुरू होतात आणि तालुक्यात आंतरशालेय बुद्धिबळ स्पर्धा लागते. समोरासमोरच्या स्पर्धेत युजरनेम चालत नाही. प्रवेश अर्जावर पूर्ण नाव, शाळा, जन्मतारीख. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या यादीतही माणूस खऱ्या नावानेच असतो. फेरीआधी भिंतीवर जोड्यांचा कागद लागतो आणि त्यावर पाटील, जाधव, शिंदे. TirkaUnt ला तिथे जागा नाही. आणि सानिकाच्या समोर बसलेला साताऱ्याचा मुलगा पहिल्याच चालीत घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवतो आणि शेजारच्याला हळूच सांगतो, की हे मी ऑनलाइन एका तिरक्या उंटाकडून शिकलो.

तिने त्याला सांगायचं की नाही, यासाठी लेखकाकडे अजून सात-आठ पानं आहेत. एकच पथ्य पाळावं: तो मुलगा तिच्यापेक्षा थोडा बरा खेळणारा असू द्यावा. नाहीतर ती जिंकण्यासाठी गप्प बसली की लाजेमुळे, हे वाचकाला कधीच कळणार नाही.